डोळे काढणारे यंत्र

सांगलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदाराने मला साताऱ्याहून बोलावून घेतले. वर्तमानपत्रात बातम्या तपासण्यात माझी हयात गेली होती, एवढीच माझी लायकी. त्याने रोपवाटिकेसाठी उसाचा डोळा, म्हणजे कांडीवरचा कोंब, काढणारे यंत्र बनवले होते. हाताने दांडा दाबण्याऐवजी पायाने दाबायचे. गुरुवारी ते सर्वांना दाखवायचे होते. लागणीचा हंगाम तोंडावर होता. पत्रकार आले नाहीत तर शेतकऱ्यांना कळणार नव्हते आणि यंत्रे वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये बसणार होती.

त्याने लिहिलेले प्रसिद्धीपत्रक मी वाचले. पहिला परिच्छेद प्रमुख पाहुण्यांचा, दुसरा त्यांच्या शुभहस्तांचा, तिसरा ‘सुवर्णपहाटे’चा. यंत्र चौथ्यात आले, तेही सत्कारानंतर. वर पाठवायचा तो लेटरहेडवरच्या या मजकुराचा मोबाइलवर काढलेला फोटो. वार्ताहराने तो पुन्हा टाइप करायचा म्हणे.

मी कात्री चालवली. आधी काय, कुणी, कुठे, कधी. मग यंत्र कसे चालते. शेवटी संपर्क. मजकूर थेट ईमेलमध्ये, यंत्राचा फोटो वेगळा, खाली माहितीच्या ओळीसह. पाहुणे एका वाक्यात बसले. उरला कारखानदाराचा स्वतःचा उद्गार. पहाट सोडून खरे सांगा, म्हटल्यावर तो घुटमळला.

“रोपवाटिकेतली आमची मंडळी दिसभर दांडा दाबून खांद्यानं रडायची. म्हून पाय लावला. ह्यात काय छापायचं?”

हेच छापायचे होते. मला इतका आनंद झाला की शीर्षकही आटोपशीर केले: ‘सांगलीत पायाने डोळे काढणारे यंत्र’. आणि सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांच्या वार्ताहरांना पाठवून दिले.

तासाभरात साताऱ्याच्या एका वार्ताहर मुलीचा फोन आला. ती आरोग्याच्या बातम्या पाहायची.

“सर, शस्त्रक्रिया कोण करणार? आणि पायाने का?”

फालतू शब्द कापता कापता मी ‘उसाचे’ कापला होता. ताबडतोब ‘सुधारित’ असे ईमेलच्या विषयात लिहून नवे पत्रक पाठवले. मुलीला म्हटले, आता तुम्ही कशाला येता.

“आता तर येणारच,” ती म्हणाली.

मी कारखानदारासमोर मान खाली घातली. तो पोट धरून हसला. “आवं, सुवर्णपहाटेला कुत्र्यानं बी इचारलं नसतं.”

मुलगी बुधवारीच आली, तिने पायाने टिचकन डोळा उडवला आणि आनंदाने ओरडलीच. गुरुवारी सकाळी तिच्या बातमीत चुकीचे शीर्षक होते, दुरुस्ती होती, खांद्याने रडणारी मंडळी होती. दहा वाजता शेडबाहेर गाड्या लावायला जागा उरली नाही. पाहुणे अजून वाटेत होते.

फेटेवाल्या एका म्हाताऱ्याने यंत्राभोवती फेरी मारली.

“चष्मा काढून बसायचं का ठिवून?”

मग पाय दाबला, डोळा तळहातावर घेऊन पाहिला, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबताना कारखानदाराला विचारले, “कवा देतूस?”

कारखानदाराने सत्काराच्या शालींचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि मागण्या लिहायची वही आणायला पळाला.