दोन टाक्यांमधला नळ

मी दवाखान्यात डायलिसिसचा टेक्निशियन. डायलिसिसच्या खोलीमागे पाणी गाळायच्या कोळशाच्या दोन टाक्या होत्या, एकीमागे एक. गावच्या पाण्यातला क्लोरीन कोळसा धरून ठेवतो. पुढचं सगळं आरओ करतो. तपासणीचं पाणी दोन टाक्यांच्या मधल्या नळातून घ्यायचं, म्हणजे पहिली टाकी थकली तरी दुसरी हाताशी राहते. तो नळ भिंतीकडे होता, वाकून हात घालावा लागायचा. मी दुसरीच्या पुढच्या नळातून घेत असे. पाणी रोज स्वच्छच दिसायचं.

पुरानंतर गावात हगवण सुरू झाली आणि गावच्या पाण्याच्या टाकीत ब्लिचिंग पावडर भरपूर पडू लागली. त्या सकाळी तपासणीच्या नळीत औषध टाकताच पाणी गुलाबी झालं, क्लोरीन पार होत होता. म्हणजे दुसऱ्या टाकीतला कोळसाही संपला होता. मशीन लावता येईना.

त्या दिवशी पहिला नंबर असलेल्या बाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. पुरामुळे आधीचं डायलिसिस चुकलेलं. पाय सुजलेले, आडवं होता येत नव्हतं. त्यांचा नवरा धावत गेला आणि लग्नाला पाणी पुरवणाऱ्याकडून ऑटोभर जार घेऊन आला.

"हे घ्या, आरओचंच पानी हाय. आमी पिऊन राह्यलो ना!"

"भाऊ, नाई चालत."

"काऊन नाई चालत? दवाखान्याच्या पान्यापरीस लग्नातलं पानी चांगलं म्हना!"

"प्यालेलं पानी पोटातून जाते, पोट गाळते. इथी शंभराच्या वर लिटर पानी रक्ताच्या बाजूनं वाह्यते, मधात पातळ पडदा फक्त. जारवाल्याच्या पान्यात जंतू अन् मेलेल्या जंतूंचं विष किती, कोन तपासते? क्लोरीन राह्यला तर रक्तच फुटते."

"मंग आमी काय करावं?"

"चंद्रपूर."

जवळच्या पुलावर पाणी होतं. ॲम्बुलन्स जंगलातून लांबच्या रस्त्याने निघाली. जाताना बाई मला म्हणाल्या, "बाबू, आल्यावर माहा नंबर पहिला ठेव." वाटेतच त्या गेल्या.

त्यांचा नवरा दुसऱ्या दिवशी जार परत न्यायला आला. दारात उभं राहून त्याने विचारलं, "भाऊ, पानी काऊन खराब झालं होतं?"

"पुरामुळं," मी म्हणालो.

"तुमी तरी काय करान," म्हणत त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

जार न लावल्याचा मला पस्तावा नाही. लावला असता तर त्या माझ्या समोर गेल्या असत्या. पण मधल्या नळाचं पाणी मी घेतलं असतं तर पहिल्या टाकीतला कोळसा कधीच संपलाय हे आधीच कळलं असतं. तो बदलता आला असता, आणि त्या सकाळी बाईंचं मशीन लागलं असतं. त्याआधीच काही पेशंटांचं रक्त कमी होत होतं, थकवा यायचा; डोळ्याला न दिसण्याइतका क्लोरीन तेव्हाच निसटत असावा. मी म्हणायचो, आजारच तसा आहे.

मधल्या नळाबद्दल मी डॉक्टरांना सांगितलं नाही, घरी सांगितलं नाही. त्या भाऊंचं गाव मला माहीत आहे. अजून गेलो नाही.