ओव्हर देताना राहून गेलेलं

पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला वॉर्डातले सगळे पेशंट समजावून देते, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. मी या किनाऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यात वॉर्डची इन्चार्ज म्हणून आले तेव्हा इथला ओव्हर टेबलापाशी उभ्याउभ्या उरकायचा. जाणारीच्या खांद्याला पर्स, लक्ष स्टँडवरच्या एसटीकडे. "एक नंबर बरा आहे, दोन नंबरला सलाईन चालू, चार नंबरचा नवरा कटकट्या आहे, सांभाळ." येणारी मान डोलवायची. वयाने मोठ्या सिस्टरला "पुन्हा सांगा" म्हणणं उद्धटपणाचं समजलं जायचं. त्यामुळे न कळलेलंही कळलं असंच धरून चालायचं.

मी हे बंद केलं. ओव्हर पेशंटच्या खाटेपाशीच द्यायचा. आत्ता काय चाललंय, आधी काय झालं, तपासल्यावर काय दिसतंय, पुढे काय करायचं, याच क्रमाने. आणि शेवटी "समजलं का?" असं विचारायचं नाही, कारण त्याला "हो" याखेरीज उत्तर मी आयुष्यात ऐकलेलं नाही. त्याऐवजी येणारीने स्वतःच्या शब्दांत सांगायचं, की आता मी या पेशंटचं काय काय करणार. माझा स्वभाव मुळात गोड नाही, आणि या नियमाने तो गोड झाला असं कोणी म्हणणार नाही. पाठीमागे "शाळा भरली" म्हणायचे, ते माझ्या कानावर यायचं. यायलाच हवं होतं, इतक्या मोठ्याने बोलायचे.

सगळ्यांत जास्त राग होता तो वॉर्डातल्या सर्वांत जुन्या सिस्टरला. तान्ह्या बाळाची शीर जिथे डॉक्टरांना सापडायची नाही तिथे बाईंना बोटाने लागायची. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. "इन्चार्ज, माझे केस उन्हाने पांढरे नाही झालेत," एवढं म्हणून त्या ओव्हर द्यायच्या, नियमाप्रमाणे द्यायच्या, पण पाढे म्हणावेत तशा सुरात. मला त्या आवडायच्या. त्यांना मी आवडत नव्हते, आणि त्यात माझी काही तक्रार नव्हती.

एका सकाळी सुपारीच्या वाडीत काम करणारी एक बाई आणली. पडलेल्या झावळ्या गोळा करताना हाताला फुरसं चावलं होतं. फुरसं हा साप दिसायला एवढासा, पण त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. ते पाहायची रीत साधी आहे: थोडं रक्त कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदा तिरकी करायची. रक्त गोठून जागेवर राहिलं तर ठीक. या बाईचं पाण्यासारखं वाहिलं. डॉक्टरांनी लगेच सापाच्या विषावरचं औषध सलाईनमधून सुरू केलं आणि सहा तासांनी पुन्हा नळी लावायला सांगितलं.

दुपारी जुन्या सिस्टर ओव्हर देत होत्या आणि नुकतीच रुजू झालेली एक मुलगी घेत होती. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. जुन्या सिस्टरनी काही सोडलं नाही, असंच मला वाटलं. फुरसं चावलंय, रक्त गोठत नाही, औषधाचा पहिला डोस गेला, अंगाला खाज सुटली नाही, दम लागला नाही, सूज मनगटाच्या वर चढलीय, हिरड्यांतून थोडं रक्त येतंय. सहाव्या तासाला नळी लावायची, लघवीचा रंग बघायचा. पेशंट बाई प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होती, जणू ओव्हर तीच घेतेय.

"आता तू काय करणार?" मी मुलीला विचारलं.

जुन्या सिस्टरनी पर्स खांद्यावर सरकवली. मुलगी नीट आठवून सांगत गेली. नळी लावीन, नवी काचेचीच घेईन. हिरड्या, लघवी, सूज बघत राहीन. दम लागला तर डॉक्टरांना लगेच बोलवीन. आणि मग म्हणाली, "टीटी अजून झालेलं नाही मॅडम, ते आधी दुसऱ्या दंडात देऊन टाकते."

टीटी म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन. खिळा लागो, कुत्रा चावो, विळा लागो, आमच्याकडे जखम म्हटली की आधी टीटी. मुलगी जे शिकली तेच तिने सांगितलं. पण ते इंजेक्शन स्नायूत द्यावं लागतं, आणि ज्याचं रक्त गोठत नाही त्याच्या स्नायूत सुई घातली की आतल्या आत रक्त साचत राहतं. हात टम्म फुगतो, आतल्या नसा दाबल्या जातात. रक्तपेढी आमच्यापासून दोन घाटांपलीकडे.

सकाळी डॉक्टर जुन्या सिस्टरना तोंडी म्हणाले होते, रक्त गोठेपर्यंत टीटी थांबवा, स्नायूत कुठलीच सुई नको. बाईंना हे डॉक्टरांनी सांगायची गरजही नव्हती. इतकं ठाऊक होतं, म्हणूनच सांगायचं राहिलं.

"देऊ नकोस," जुन्या सिस्टर म्हणाल्या. आवाज कोरडा होता. मग पेशंटपाशी सरकून त्यांनी मुलीला सगळं सांगितलं: का नाही, कधीपर्यंत नाही. मुलीने पुन्हा म्हणून दाखवलं. या वेळी पाढ्यांचा सूर कोणाचाच नव्हता. मुलीचा चेहरा पडला होता. मी तिला सांगितलं, तू चुकली नाहीस, चूक व्हायच्या आत बोललीस. जुन्या सिस्टर माझ्याकडे न बघता निघून गेल्या. नवशिकीच्या देखत उघडं पडणं कोणाला आवडतं? मलाही आवडलं नसतं.

संध्याकाळी नळी तिरकी केली. रक्त अजून वाहत होतं. दुसरा डोस सुरू झाला. बाईचा मोकळा दंड मी उगीचच दोनदा दाबून बघितला. मऊ होता, नेहमीसारखा. मग मी स्टूल ओढून बसले. बाईच्या नवऱ्याला वाटलं, सिस्टर दमल्या. त्याने मला चहा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रक्त गोठायला लागलं होतं. डॉक्टरांनी नळी स्वतः बघितली आणि आता टीटी द्या म्हणाले. पाळी जुन्या सिस्टरचीच होती. मी ट्रे उचलायच्या आत त्यांनी उचलला.

सुई टोचली, निघाली, कापूस दाबला. बाई कापसाकडे बघत म्हणाली, "एवढंसं तर हाय. मंग काल का न्हाय दिलंत?"

मी काही बोलणार होते. पण जुन्या सिस्टर आधी बोलल्या.

"काल दिलं असतं तर तुझा हा हातही गेला असता, कदाचित तूही. आणि देऊ नको हे सांगायला मी विसरले होते."

बाईने मान डोलावली. "व्हय," म्हणाली.

"नुसतं व्हय नको," जुन्या सिस्टर खाटेच्या कडेला बसल्या. "मी काय म्हणाले ते मला सांग बघू."