निरोप बाजारात सांगत नाहीत

बाजाराच्या दिवशी उदेसिंगची पिकअप सकाळीच भरते. मागे माणसं, माणसांच्या मांडीवर कोंबड्या, पायाशी दोन-चार बोकड, टपावर तुरीची पोती. पोलिसाने पाहिलं तर दंड होईल इतकी माणसं असतात, पण बाजाराच्या दिवशी पोलिसालाही बाजार करायचा असतो. आंबापाड्याहून धडगाव आता तासाभराचंही राहिलं नाही. घाट उतरला की डाव्या हाताला साबरपाण्याचा फाटा लागतो. तिथे उदेसिंग गाडी हळू करतो. कुणी चढणारं नसतं, उतरणारं नसतं, तरी करतो.

“इथं गाडीला पाणी पाजायचं असतं का रे?” मागून कुणी तरी विचारतं, सगळे हसतात. उदेसिंगही हसतो आणि गियर टाकतो.

ही वाट तो पायी चालला आहे, आजाच्या मागे. आजाचं नाव रायसिंग. उदेसिंगचे आई-बाप दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जायचे, ते उन्हाळ्यात परत. तोवर पोरगा आजा-आजीकडे. आणि आजाकडे राहायचं म्हणजे दर आठवड्याला धडगावचा बाजार चालत करायचा. पहाटे अंधारात निघायचं. एकामागे एक, कारण वाटच एका पायाची. आजाच्या खांद्यावर कावड. एका टोपल्यात धान्य, दुसऱ्यात कोंबड्या. ऋतूप्रमाणे ओझं बदलायचं. उन्हाळ्यात चारोळी आणि आमचूर, थंडीत तूर. कोंबडी मात्र बारा महिने. चपला हातात, कारण चपला बाजारासाठी असतात, वाटेसाठी नाही. उदई नदीवर सगळी वाट थांबायची. बाया तोंड धुऊन चांदीचे दागिने अंगावर चढवायच्या, पुरुष धुतलेला सदरा घालायचे. मग चपला. डोंगरातून उतरलेली मळकी माणसं नदीच्या त्या काठावर लग्नाला निघाल्यासारखी दिसायची.

नदी ओलांडली की दलाल. बाजारात पोचण्याआधीच माल हिसकायचा हा त्यांचा धंदा. थेट कोंबडीचा पाय धरायचे आणि भाव स्वतःच बोलायचे. आजा टोपल्यावर फडकं बांधून ठेवायचा. “सोयऱ्याची आहे, विकायची नाही,” म्हणायचा आणि पुढे जाऊन विकायचा. तूर घालताना व्यापाऱ्याला आधी रिकामा तराजू उचलायला लावायचा. मग वजनं या पारड्यातून त्या पारड्यात टाकायला लावायचा, पुन्हा मोजायला सांगायचा. व्यापारी शिव्या द्यायचा, पण मोजायचा. हातात पैसे आले की आधी मीठ. मग तेल, मिरची, सुकट, आणि शेवटी उदेसिंगला शेव-जिलेबी. मीठ घ्यायच्या आधी आजाने कधी काही घेतलं नाही. घरात काही नसलं तरी मीठ असलं की भाकरी उतरते, असं त्याचं साधं गणित.

पण आजा मिठासाठी चालत नव्हता. मीठ आंबापाड्याच्या दुकानातही मिळायचं. तो चालायचा कौसासाठी.

कौसाबाई आजाची धाकटी लेक, उदेसिंगची फुई. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारात साबरपाण्याच्या दिलवरसिंगाबरोबर निघून गेली. यात जगावेगळं काही नव्हतं. अशी लग्नं होतात, मग दोन्हीकडचे पंच बसतात, दारू ओततात, भांडण मिटवतात. इथेही पंच बसले. पण बोलता बोलता दिलवरसिंगचा काका म्हणाला, “ज्याला लेक सांभाळता येत नाही, त्यानं कावड सांभाळावी.” आजा उठला. अंगणात पाण्याचा तांब्या पालथा घातला आणि म्हणाला, साबरपाण्याचं पाणी मी पिणार नाही, माझं पाणी साबरपाण्याने पिऊ नये. झालं. त्या दिवसापासून तिकडचा माणूस इकडच्या अंगणात येईना, इकडचा तिकडच्या वेशीत जाईना. अशी अट मोडली तर दोन्ही गावांना त्याचा दोष लागतो, असं सगळे मानत.

बाजाराला मात्र ही अट नव्हती. बाजारात वैर चालत नाही. दर गावाचं एक झाड ठरलेलं असे. त्याखाली त्या गावाची माणसं ओझी उतरवत. साबरपाण्याची चिंच होती. मीठ घेऊन झालं की आजा त्या चिंचेखाली जाऊन उभा राहायचा. कौसा यायची. बाप-लेक फारसं बोलत नसत. “तूर कशी आहे?” “बरी आहे.” “बकरी व्याली?” “व्याली.” एवढंच. मग आजा कमरेच्या फडक्यातून गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवायचा. ती तिथेच, मोठी बाई असून, तो खडा तोंडात टाकायची. आजा तेवढं बघायचा आणि वळायचा.

परत येताना फाट्यावर तो दर वेळी थांबायचा. साबरपाण्याची वाट वर कुठवर दिसते ते बघायचा. “आजा, मिटवून टाक ना भांडण,” उदेसिंग म्हणायचा. पोरांना अक्कल नसते म्हणून ती बरोबर बोलतात.

“मिटवीन. आधी त्यांनी एक शब्द टाकावा.”

त्यांनीही तेच ठरवलं असणार. दोन म्हातारे बैल, दोघेही शिंगं खाली घालून, आणि मधे ती पोर.

मग एका थंडीत कौसा चिंचेखाली दिसली नाही. तिची सासू रूपलीबाई होती. “दिवस भरत आलेत,” ती म्हणाली. “चढ चढवत नाही तिला.” आजाचा चेहरा असा उजळला की उदेसिंगला त्या दिवशी जिलेबी दुप्पट मिळाली. वाटेत आजा स्वतःशीच म्हणाला, “मूल झालं की जाईन. मूल झाल्यावर कुणाला नाही म्हणवतं?” त्या दिवसापासून कौसासाठी गुळाचा खडा नाही, पुरती भेली जाऊ लागली. सोबत खोबरं, हळद. रूपलीबाई घ्यायची.

पुढे एका बाजाराला ती म्हणाली, “मुलगी झाली.”

“कौसा?”

रूपलीबाईने गाठोडं बांधायला घेतलं. “ऊन चढलं, निघते,” म्हणाली. साबरपाण्याच्या बाकीच्या बायाही उठल्या. आजाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाळंतीण बाजाराला येत नाही, महिनाभर तर नाहीच. त्याने काळे मणी घेतले, लाल फडकं घेतलं. पुढच्या बाजाराला आणखी गूळ, त्यापुढच्याला तीळ. रूपलीबाई सगळं घेत गेली आणि दर वेळी लवकर निघत गेली. “या बाजारी नाही, पुढच्या बाजारी कौसाच येईल बघ,” आजा उदेसिंगला सांगायचा. “आली की तिच्याबरोबरच निरोप पाठवतो, पंच बसवा म्हणून.” शब्द आपण आधी टाकायचा, इथवर तो आला होता.

होळी जवळ आली तेव्हा रूपलीबाई बाळ घेऊन आली. पाठीला झोळी बांधलेली. आजा धावलाच. चिंचेखाली रूपलीबाईने बाळ मांडीवर घेतलं. ते रडायला लागलं. तिने बाटलीतलं बकरीचं दूध वाटीत ओतलं, कापसाची वात त्यात बुडवली आणि बाळाच्या ओठाला लावली. बाळ वात चोखू लागलं. सवयीने, पटापट.

आजा बघत राहिला. घरी आई असलेलं तान्हं मूल कुणी डोंगर उतरवून बाजारात आणत नाही. आणि आणलंच, तर त्याला वात चोखायची सवय नसते.

त्याने काही विचारलं नाही. विचारता येत नव्हतं. मरणाचा निरोप बाजारात सांगत नाहीत. तो घरी न्यायचा असतो. ज्या गावात माणूस गेलं, त्या गावचा माणूस हिरवी फांदी घेऊन येतो, अंगणातच उभा राहतो, बसत नाही, पाणी पीत नाही. घरच्या धन्याला नावाने हाक मारतो, नाव सांगतो, फांदी खाली ठेवतो आणि मागे न बघता जातो. पण साबरपाण्याचा माणूस रायसिंगच्या अंगणात येणार कसा? तांब्या पालथा होता. बाजारात सांगायचं नाही, घरी जायचं नाही. म्हणून ती माणसं गूळ घेत राहिली आणि गप्प राहिली. उदेसिंगला याचा राग आजही येतो. त्यांच्यावर येतो, आणि आजावर जास्त येतो.

आजाने बाळाच्या मनगटाला काळे मणी बांधले. रूपलीबाई रडत होती. आवाज न करता, बाजारात आवाज करायचा नाही म्हणून. आजा उठला आणि म्हणाला, “मीठ घ्यायचं राहिलं.” उदेसिंगच्या हातात मिठाची पिशवी होती. आजाने पुन्हा मीठ घेतलं.

फाट्यावर आजा थांबला. कावड उदेसिंगजवळ ठेवली आणि साबरपाण्याच्या वाटेने वर चालू लागला. “आजा, ती वाट आपली नाही!” आजा थांबला नाही. वेशीवरच्या वाघदेवाच्या दगडापर्यंत गेला, पलीकडे पाऊल टाकलं नाही. तिथल्या झाडाची एक फांदी तोडली आणि वळून खाली आला. उदेसिंगला वाटलं, म्हातारा वाट चुकला आणि सावरला. फांदी कशासाठी हे त्याला कळलं नाही. कौसाला बांबूच्या झोळीत घालून चौघांनी दवाखान्याकडे उतरवायला घेतलं होतं आणि ते या फाट्यापर्यंतही पोचले नव्हते, हे तर त्याला फार पुढे कळलं.

पंच त्याच वर्षी बसले. काकाने शब्द मागे घेतला, आजाने तांब्या सरळ केला. दोन वर्षांचं भांडण अर्ध्या सकाळीत मिटलं. इतकं सोपं होतं ते.

पण ते नंतर. फांदी तोडली त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर आजा अंगणातच उभा राहिला. आजी पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली. त्याने पाणी घेतलं नाही. घराच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, “रायसिंग! ए रायसिंग!”

“डोकं फिरलं का तुझं? स्वतःलाच हाका मारतोस?” आजी म्हणाली. मग तिला त्याच्या हातातली फांदी दिसली. ती उंबऱ्यावर बसली.

“साबरपाण्याहून आलोय,” आजा म्हणाला. आवाज परक्या माणसाचा होता. “रायसिंग, तुझी लेक कौसा गेली.”

त्याने फांदी खाली ठेवली आणि मागे न बघता अंगणाबाहेर गेला. उदेसिंग मिठाच्या दोन पिशव्या धरून तिथेच उभा राहिला. आजा कुंपणाबाहेरून घराला वळसा घालून मागच्या दाराने आत आला, चुलीपाशी बसला आणि मग रडायला लागला.