शेष सहा

दहावीची सरावपत्रिका करताना मी आधी उत्तर ठरवतो आणि मग गणित बांधतो. त्या दिवशी शून्ये, म्हणजे x च्या ज्या किमतींना बहुपदी शून्य होते त्या, घेतली तीन आणि उणे दोन. बेरीज एक, गुणाकार उणे सहा. पहिला सहगुणक एक असला की x च्या सहगुणकाचं चिन्ह बदललं की शून्यांची बेरीज मिळते, म्हणून बहुपदी हवी होती x² − x − 6. हे मी वर्षानुवर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडतो. आणि लिहिलं x² + x − 6. प्रश्न चार: शून्ये, त्यांची बेरीज, गुणाकार आणि x − 3 ने भागल्यावरचा शेष. उत्तरं मात्र ठरवलेलीच पाठीमागे छापली, शेष शून्य धरून.

पत्रिकेचं पान उलटून उत्तर बघायची सवय अख्ख्या वर्गाला. सगळ्यांची उत्तरं जुळली. एकीचीच नाही. अर्जुनी मोरगावकडच्या जंगलपट्टीतून आलेली, वसतिगृहात राहणारी, कमी बोलणारी मुलगी. तिने शून्ये लिहिली दोन आणि उणे तीन, बेरीज उणे एक, x − 3 ने भागल्यावर शेष सहा. चारपैकी फक्त गुणाकार बरोबर. तीन लाल फुल्या मारल्या.

त्याच आठवड्यात तिचे वडील शाळेत आले. "अकरावीले सायन्स देऊ का जी इले?" मी पत्रिका पुढे केली आणि म्हणालो, गणित झेपायचं नाही. ते मान हलवून गेले. मला स्वतःचं कौतुकच वाटलं, खरं बोललो म्हणून.

दहावीच्याच दुसऱ्या तुकडीत तेच गणित फळ्यावर सोडवताना x च्या जागी तीन घातले. नऊ अधिक तीन उणे सहा. सहा आले. शून्य हवं होतं. दोन घातले, शून्य. उणे तीन, शून्य. हात तिथेच थांबला. तिचं सगळं बरोबर होतं आणि माझीच अक्कल गहाण पडली होती.

मी तिला बोलावलं. "तुला कळलं होतं?"

"हो जी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तास सुरू झाला जी," म्हणत ती वर्गाकडे वळली.

रविवारी एसटीने तिच्या गावी गेलो. वडील अंगणात लाकडं फोडत होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "मी चुकलो. पोरीचं गणित बरोबर होतं. तिला सायन्सला घाला." लाज वाटत होती, पण बोललो.

त्यांनी कुऱ्हाड ओंडक्याला टेकवून ठेवली.

"तिनं मले सांगतलं होतं जी. मास्तरचं गणित चुकलं म्हणे. तीन टाकून पाहा, सहा उरते. मीच बोललो तिले, मास्तर कधी चुकत नाही, गप राय."