चौकटीचं तोंड

धम्मदीप राळेगाव तालुक्यात घरोघरी टीव्हीच्या डिश बसवतो. छपरावर चढायचं, थाळीचं तोंड आभाळातल्या उपग्रहाकडे करायचं, बोल्ट आवळायचे, हाच त्याचा धंदा. बोटभर इकडेतिकडे झालं तर पडद्यावर काही दिसत नाही, हे तो गिऱ्हाइकाला दर वेळी सांगतो. गिऱ्हाइकाने विचारलेलं नसतं. कामात तो पक्का आहे, आणि पक्क्या माणसाला काही सांगू जाणं किती अवघड असतं ते त्याच्या आईला, मथुराबाईंना, विचारावं.

मथुराबाई नागपूरचं मध्यम लहरींचं केंद्र ऐकतात. रेडिओ फळीवर असायचा. आवाज खाली गेला की त्या उठून तो थोडा फिरवत आणि परत तांदूळ निवडायला बसत. पण शेजारच्या नागोरावांनी सौर पॅनेल आणि इन्व्हर्टर बसवला आणि रेडिओत दिवसभर घरघर सुरू झाली.

त्यातच दीपमालाचा निरोप आला. धम्मदीपची ही मुलगी नागपुरात नर्सिंग शिकते. गुरुवारी दुपारी याच केंद्रावर महिलांच्या कार्यक्रमात ती कापूस वेचणाऱ्या बायांच्या हातांच्या भेगांवर बोलणार होती, आणि बोलण्यात आजीचे हात येणार होते. कार्यक्रम थेट. वस्तीवर मोबाईलला धड रेंज नाही. नातीचा आवाज ऐकायचा तर रेडिओवरच.

धम्मदीपने ते मनावर घेतलं. लाकडाची हातभर चौकट केली, तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे घातले, स्टेशन जुळवायला जुन्या रेडिओतला गँग नावाचा फिरता भाग लावला. आईचा रेडिओ चौकटीच्याच पट्टीवर घट्ट बांधला. मोबाईलवर दिशा पाहिली आणि चौकटीचं तोंड बरोबर नागपूरकडे करून ती भिंतीवर स्क्रूने पक्की केली.

नागपूर गेलं. घरघर तेवढी राहिली.

त्याने वेढे वाढवले, तारेच्या सांध्यांना पुन्हा डाग दिला, तार बदलली. मथुराबाई म्हणाल्या, जरा फिरवून पाहा. तो म्हणाला, दिशा बरोबर आहे, सिग्नलच कमजोर आहे. त्या म्हणाल्या, फळीवर होता तेव्हा कमजोर नव्हता. त्यावर त्याने डिशचं शास्त्र पहिल्यापासून सांगितलं. बुधवारीही सांगितलं. तोवर मथुराबाईंनी त्याच्याशी बोलणं सोडून चौकटीशी बोलायला सुरुवात केली होती.

घोटाळा साधा होता. चौकट म्हणजे थाळी नव्हे. रेडिओची लाट चौकटीच्या तोंडावर सरळ आली की डावी-उजवी बाजू तिच्यात एकाच क्षणी सापडते. दोन्ही बाजूंच्या तारांत सारखाच विजेचा दाब तयार होतो, पण वेढ्यात ते एकमेकांच्या उलट लागतात आणि हाती शून्य येतं. कड लाटेकडे असेल तर एक बाजू आधी सापडते, दुसरी किंचित नंतर. तेवढ्या फरकाचा दाब उरतो, आणि तोच रेडिओला पुरतो. धम्मदीपने सगळ्यांत वाईट दिशा अचूक साधली होती. शिवाय रेडिओच्या पोटातल्या लाट पकडणाऱ्या कांडीवरही तारेचे वेढेच असतात. रेडिओ चौकटीला बांधल्याने तीही त्याच कोनात अडकली.

गुरुवारी कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झाली तरी घरघरच होती. मथुराबाई उठल्या.

"धम्म्या, काढ ते. माहा रेडिओ मले फळीवर दे."

"माय, दिशा बरोबर आहे म्हनतो ना."

"तुही दिशा घाल चुलीत. पोरगी बोलून राह्यली असन तिकडे."

त्याने चिडून एका बाजूचे स्क्रू काढले. चौकट दुसऱ्या बाजूच्या पट्टीवर दारासारखी फिरली, कड नागपूरकडे झाली आणि निवेदिकेचा आवाज खोलीत आला. मागे थोडी घरघर होती. मथुराबाईंनी त्याच्या हातातली चौकट धरून हळूहळू फिरवत नेली. नागपूर थोडंसंच उतरलं. घरघर मात्र एका जागी एकदम बंद पडली. तिथे चौकटीचं तोंड नागोरावांच्या घराकडे होतं.

"आता हालवू नोको," त्या म्हणाल्या.

धम्मदीप चौकट धरून तसाच उभा राहिला. दीपमाला बोलायला लागली. आजीच्या हातांचं आलं तेव्हा मथुराबाईंनी हात पदराखाली घेतले. कार्यक्रम संपेपर्यंत त्याचा दंड भरून आला होता. सोडू का, असं त्याने दोनदा विचारलं.

संध्याकाळी त्याने चौकटीला दाराचं बिजागर लावलं. ती आता भिंतीतून आडवी बाहेर येते आणि स्वयंपाकघरात जाताना त्याच्याच डोक्याला लागते. तोंड केलं त्याचाच आवाज जातो, हे उलटं कसं, असं तो अजून मधूनमधून विचारतो. मथुराबाई तांदूळ निवडता निवडता त्याच्याकडे तोंड करतात.

"ज्याचं आयकाचं नाही त्याच्याकडं तोंड कराचं, बापा. तू बोलतो तवा मी तेच तर करतो."