'कारण' या शब्दापुढची जागा

मुदखेडजवळच्या शेतात माझ्या मैत्रिणीनं गवती चहा आणि तुळस लावली, सावलीत वाळवली आणि त्याचा हर्बल चहा विकायचं ठरवलं. काय सांगून विकायचा, हे तिनं माझ्यावर सोपवलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी मार्केटिंग शिकले, आणि ते मला येतं हे सांगायला मी कधी लाजले नाही.

सुरुवात पोझिशनिंग स्टेटमेंटपासून; ते म्हणजे जाहिरातीची ओळ नव्हे. ते आपलं आपल्यासाठी असतं: माल कुणासाठी, ते लोक आज त्याच्या जागी काय घेतात, आपल्यात वेगळं काय, आणि ते खरं मानायला कारण काय. मी लिहिलं: लातूरला मुलाच्या क्लासपायी खोली करून राहिलेल्या आईसाठी, संध्याकाळच्या दुधाच्या चहाऐवजी, अभ्यासाच्या ताणात मुलाचं मन शांत ठेवणारा चहा; कारण... पुढं काही सुचेना. तपासणीचा एक कागद आमच्याकडं नव्हता. शेवटी 'पिढ्यान् पिढ्या घराघरात वापरलेल्या वनस्पती' असं घालून ती जागा भरली आणि नांदेडहून लातूरची एसटी धरली.

आवडलं का, असं गिऱ्हाइकाला विचारायचं नसतं. समोरचा माणूस भिडेपोटी हो म्हणतो. स्टेटमेंटवरून साध्या भाषेत केलेलं कार्ड वाचायला द्यायचं आणि काय समजलं ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावायचं. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण खोल्यांमधल्या त्या बाया मला बघून अवघडल्या, म्हणून मी माझी गावाकडची, मुखेडची बोली काढली. मी पण तुमच्यातलीच हाय, आमच्या घरात शिकलेली मीच पहिली, असं सांगितलं. मग सगळ्या मोकळ्या झाल्या. हे कसब आहे असं मला तेव्हा वाटलं.

एक काकू होत्या, हिमायतनगरकडच्या. नवरा गावाकडं शेती बघायचा, काकू पोरासाठी इथं लातुरात. कार्ड दोनदा वाचून म्हणाल्या, "म्हंजी हे पिलं की पोराची धडधड थांबती, अन् पेपरात समदं आठवतंय."

आठवण्याचं कार्डावर कुठंच नव्हतं. मी ते तसंच टिपलं आणि पुढचा प्रश्न विचारला: यावर विश्वास कशामुळं बसला?

"कशामुळं म्हंजी? तू सांगून राहिलीस न माय. शिकलेली पोर हाईस, आपल्यातली हाईस. तू कशाला खोटं सांगशील?"

पिढ्यान् पिढ्यांच्या वनस्पतींचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही. मी दिलेली नमुन्याची पुडी त्यांनी पोराच्या पुस्तकांपाशी ठेवली. ती परत मागायला माझी जीभ रेटली नाही.

बाकीच्या बायांची उत्तरंही थोड्याफार फरकानं तीच. मैत्रीण खूश झाली. म्हणाली, डब्यावर तुझाच फोटो टाकू. मी म्हटलं, ही चाचणी चहाची झालीच नाही, माझी झाली. ती चिडली. लागवडीत तिचं सगळं गुंतलं होतं, आणि मला अचानक सोवळं सुचलंय असं ती बोलली. तिचंही चुकलं नव्हतं. मुलाच्या ताणाची ओळ माझ्याच डोक्यातून आलेली होती.

शेवटी मी ती ओळ काढली. नवीन स्टेटमेंट साधं केलं: संध्याकाळी चहापत्तीचा चहा नको असणाऱ्यांसाठी, गवती चहा आणि तुळशीचा वासदार चहा, कारण यात चहापत्ती नाही आणि पाला आमच्याच शेतातला. या वेळी दुसऱ्या बायांकडं, त्यांच्याशी कसलीच ओळख न सांगणारी एक मुलगी कार्ड घेऊन गेली. बऱ्याच जणी म्हणाल्या, मग घरच्या कुंडीतलाच उकळून पिऊ की. थोड्यांनी वाळवायचा त्रास नको म्हणून घेऊ म्हटलं. कार्डावर होतं तेवढंच त्यांनी सांगितलं, वर काही नाही. मैत्रीण मनाविरुद्ध तयार झाली. आता खप हळू आहे.

लातूरच्या एका दुकानापुढं आम्ही टेबल लावलं, तेव्हा त्या काकू आल्या. डबा उलटसुलट करून बघितला.

"कार्डावर पोराचं लिहिलेलं, ते कुठं गेलं गं?"

त्याला पुरावा नव्हता, तसं होतंच असं नाही, म्हणून काढलं, असं मी सांगितलं. त्यांनी डबा टेबलावर ठेवला.

"मी तर त्याचं सांजचं दूध बंद करून हेच देऊन राहिले. पुडी सरली तर तुळस आणून उकळली."

दूध परत चालू करा काकू, एवढंच माझ्या तोंडून निघालं. माफ करा म्हणायचं होतं, पण टेबलापुढं गिऱ्हाइकं उभी होती आणि मी त्यांच्याकडं वळले. वळून बघते तर काकूंनी एक डबा पिशवीत टाकला होता.

मी म्हटलं, घेऊ नका, तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तुझा हाय म्हणून घेतलाय."