भिंतीकडची उंची

लातूरच्या एका डाळमिलमध्ये तूर वर चढवणारा एलिव्हेटर सोमवारी चालू करून देतो, असं मी मालकांना लिहून दिलं होतं. शनिवारी तो उभा करायला गेलो, तर त्याचं डोकं छताच्या पत्र्याला भिडलं. शेडची उंची मी मधोमध मोजली होती. एलिव्हेटर बसायचा होता भिंतीकडे, जिथं उतरता पत्रा खाली येतो.

तिथंच मालकांना पत्र लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात वीज गेली होती, ट्रक अडकला होता, वेल्डर लग्नाला गेला होता. सगळं खरंच होतं. आमच्या म्हाताऱ्या फिटरनं ते वाचलं आणि विचारलं, "उंची काय वेल्डरनं मोजली व्हती?" मला त्याचा राग आला, पण उंची मीच मोजली होती.

कागद फाडून पुन्हा लिहिलं: "सोमवारी एलिव्हेटर चालू होणार नाही. उंची मी चुकीच्या जागी मोजली. गुरुवारपर्यंत वरचा भाग कापून, बेल्ट आखूड करून आणतो. शनिवारी उभारणी, त्यानंतरच्या सोमवारी चाचणी. यातलं काही हुकणार असेल तर आदल्या दिवशी मीच कळवीन. वाढीव खर्च माझा."

पत्र त्याच संध्याकाळी मालकांकडं पोचवलं. रविवारी सकाळी भिंतीकडची उंची घ्यायला गेलो, तर ते आधीच तिथं उभे. बोलणी खायच्या तयारीनंच मी टेप काढला. त्यांनी त्याचं एक टोक हातात घेतलं, उकिडवं बसून जमिनीला टेकवलं आणि म्हणाले, "आता आकडा मोठ्यानं वाचा. मलाबी ऐकू येऊ द्या."